दुकान बंद, नंबर चालू: जीएसटी नोंदणी रद्द करणे आणि राहिलेली विवरणपत्रे

छोटा व्यवसाय बंद करताना माणूस जागेचे भाडे मिटवतो, कामगाराचा हिशेब देतो, उधारी वसूल करतो आणि शटर ओढतो. जीएसटीचा नंबर मात्र बहुतेक वेळा तसाच राहतो. विक्री नाही म्हणजे कर नाही आणि कर नाही म्हणजे रिटर्न नाही, असे त्याने गृहीत धरलेले असते. कायद्यात तसे नाही. नोंदणी जिवंत आहे तोवर प्रत्येक कालावधीचे विवरणपत्र देय असते, मग विक्री शून्य का असेना. नोंदणी रद्द झाल्यावरही एक शेवटचे विवरणपत्र भरावे लागते आणि अनेकांना त्याचे नाव नोटीस आल्यावरच कळते.

गेल्या काही वर्षांत या विषयावर परिपत्रके निघाली, अभय योजना आल्या आणि उच्च न्यायालयांचे निकाल लागले. तरी काही मूळ प्रश्न अजून सुटलेले नाहीत. या लेखात आधी कायद्याची चौकट मांडली आहे, मग एक हिशेब सोडवून दाखवला आहे आणि त्यानंतर मतभेदाचे मुद्दे घेतले आहेत.

पार्श्वभूमी

1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा व्हॅट, सेवा कर आणि उत्पादन शुल्काखालचे जुने करदाते नव्या व्यवस्थेत आणले गेले. त्यांतल्या अनेकांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली होती. काहींनी मोठ्या ग्राहकाला क्रेडिट मिळावे म्हणून किंवा ऑनलाइन माल विकता यावा म्हणून स्वखुशीने नंबर घेतला. आज महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक 40 लाख रुपये आणि सेवा देणाऱ्याला 20 लाख रुपये उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती सहसा नसते. त्यामुळे नंबर सोडू इच्छिणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक दिसतात. एकाचा धंदा खरोखर बंद झालेला असतो. दुसऱ्याचा धंदा चालू असतो, पण त्याला नंबरची गरज उरलेली नसते. दोघांना अर्ज एकच आणि शेवटचा हिशेबही एकच.

केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम 29 नोंदणी रद्द करण्याबद्दल आहे. व्यवसाय बंद झाला, पूर्णपणे हस्तांतरित झाला, मालक वारला, व्यवसायाचे स्वरूप बदलले किंवा नोंदणीची गरज उरली नाही, तर करदाता किंवा त्याचे वारस अर्ज करतात. याच कलमाखाली अधिकारीही स्वतःहून नोंदणी रद्द करू शकतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने किंवा तिमाही भरणाऱ्याने सलग दोन तिमाही रिटर्न भरले नाही, तर तेवढे कारण त्याला पुरते.

कलम 29 मधली दोन पोटकलमे नीट समजली की बाकीचा विषय सोपा होतो. पोटकलम 3 सांगते की नोंदणी रद्द झाली तरी आधीच्या काळातली देणी तशीच राहतात, मग ती रद्द होण्याआधी ठरलेली असोत की नंतर. पोटकलम 5 सांगते की रद्द होण्याच्या आदल्या दिवशी हाती असलेल्या मालावर आणि यंत्रसामग्रीवर घेतलेले क्रेडिट परत करायचे. नंबर सोडताना खिशाला जी खरी झळ बसते ती या पोटकलमामुळे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

अर्जापासून शेवटच्या रिटर्नपर्यंत

कारण घडल्यापासून 30 दिवसांच्या आत पोर्टलवर REG-16 हा अर्ज करायचा असतो. त्यात रद्द करण्याचे कारण, कोणत्या तारखेपासून रद्द हवे ती तारीख, पुढील पत्रव्यवहाराचा पत्ता आणि शिल्लक मालाचा तपशील द्यावा लागतो. पत्त्याचा रकाना लोक घाईत भरतात. दुकानाची जागा सोडलेली असताना तिचाच पत्ता दिला, तर पुढची नोटीस कुणाच्या हाती पडणार? तिथे घरचा पत्ता द्यावा आणि चालू राहणारा मोबाइल नंबर व ईमेल नोंदवावा. हे दोन्ही अनेकदा कर सल्लागाराचे असतात. धंदा संपला की सल्लागाराशी संपर्क तुटतो आणि नोटिसा त्याच्याकडे जात राहतात.

अर्ज दाखल होताच नोंदणी निलंबित होते. 2019 पासून लागू असलेल्या नियम 21अ नुसार अर्जाची तारीख आणि मागितलेली तारीख यांतली जी नंतरची, तिथून निलंबन सुरू होते. निलंबनाच्या काळात करपात्र विक्री करता येत नाही आणि त्या काळाचे नेहमीचे रिटर्नही द्यावे लागत नाही. त्याआधी आदेश येईपर्यंत महिन्यामागून महिना शून्य रिटर्न भरत बसावे लागे. तो त्रास या नियमाने संपवला आणि ही खरी सुधारणा आहे. मात्र सवलत निलंबनानंतरच्या काळापुरतीच आहे. त्या तारखेपर्यंतच्या तुकड्याचे रिटर्न भरावेच लागते. अर्ज फेटाळला गेला आणि निलंबन उठले, तर मधल्या काळाची रिटर्नही देय होतात.

अधिकाऱ्याने अर्जावर 30 दिवसांत REG-19 हा आदेश काढायचा असतो. या आदेशावर दोन तारखा असतात, आदेश निघाल्याची आणि नोंदणी ज्या दिवसापासून रद्द झाली त्या दिवसाची. त्यांतली जी नंतरची, तिच्यापासून तीन महिन्यांच्या आत GSTR-10 भरायचे. हेच शेवटचे विवरणपत्र. हाती काहीही माल नसला तरी ते शून्य भरावे लागते. कॉम्पोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला मात्र GSTR-10 लागू नाही, कारण कलम 45 नेहमीच्या रिटर्नवाल्यांपुरते आहे. त्याने राहिलेल्या तिमाहींचा कर आणि वार्षिक GSTR-4 पूर्ण करायचे.

राहिलेली रिटर्न क्रमानेच भरावी लागतात. आधीच्या कालावधीचे GSTR-3B भरल्याशिवाय पुढचे भरता येत नाही आणि त्या कालावधीचे GSTR-1 भरल्याशिवाय त्याचे GSTR-3B भरता येत नाही. दोन वर्षे काहीच भरले नसेल, तर सर्वांत जुन्या महिन्यापासून एकेक पायरी चढत यावे लागते. शून्य GSTR-3B ला उशिराचे शुल्क दिवसाला 20 रुपये आणि दर रिटर्नमागे जास्तीत जास्त 500 रुपये आहे. विक्री असेल तर दिवसाला 50 रुपये, आणि दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्याला जास्तीत जास्त 2,000. समजा, मार्च 2023 अखेर दुकान बंद केले, कुणालाच काही कळवले नाही, विभागानेही नोंदणी रद्द केली नाही आणि ऑगस्ट 2025 च्या मध्यास अर्ज करायचे ठरवले. दरमहा रिटर्न भरणाऱ्याची अशी 27 रिटर्न थकतात आणि शुल्क 13,500 रुपयांच्या घरात जाते. तिमाही भरणाऱ्याची 9 रिटर्न थकतात आणि शुल्क 4,500 च्या आसपास राहते. एका रुपयाचीही विक्री नसताना हा खर्च होतो.

एक गोष्ट जाता जाता. जीएसटी नोंदणी रद्द झाली म्हणून महाराष्ट्रातली व्यवसाय कराची नोंदणी आपोआप रद्द होत नाही. ती वेगळ्या कायद्याखाली आहे आणि तिचा अर्ज वेगळा करावा लागतो.

एक हिशेब

उदाहरणासाठी कराडमधले इलेक्ट्रिकल सामानाचे एक दुकान घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, नियम खरे आहेत. मालक एकटा, रिटर्न तिमाही, उलाढाल दीड कोटीच्या खाली. त्याने 30 जून 2025 रोजी REG-16 भरला आणि त्याच तारखेपासून रद्द करण्याची मागणी केली. आदल्या दिवशी दुकानात खरेदी किमतीने 2,40,000 रुपयांचा माल होता. खरेदीच्या वेळी त्यावर 18 टक्क्यांनी 43,200 रुपये कर भरून तेवढे क्रेडिट घेतले होते. शिवाय 10 एप्रिल 2022 रोजी एक लाखाला घेतलेली बिलिंगची यंत्रणा होती, तिच्यावरचे क्रेडिट 18,000. पोर्टलवर क्रेडिटच्या खात्यात 31,000 रुपये शिल्लक होते.

आधी माल. कायदा दोन रकमांची तुलना करायला सांगतो. एक, घेतलेले क्रेडिट. दुसरी, तो माल आज विकला तर लागणारा कर. यांतली मोठी रक्कम भरायची. दोन-तीन वर्षे पडून राहिलेल्या या मालाला आज घाऊक बाजारात दोन लाख मिळतील, म्हणजे कर 36,000 होईल. क्रेडिट 43,200, ते मोठे. म्हणून 43,200 भरायचे. मालाची किंमत घसरली तरी भार घसरत नाही, तो या तुलनेमुळे.

मग यंत्रणा. नियम 44 तिचे आयुष्य 60 महिने धरतो. 29 जून 2025 पर्यंत ती 38 महिने आणि काही दिवस वापरली गेली. उरलेल्या आयुष्यातले पूर्ण महिने 21, वरचे दिवस सोडून द्यायचे. 18,000 गुणिले 21 भागिले 60, म्हणजे 6,300. ती जुनी म्हणून 30,000 ला विकली असती तर कर 5,400 झाला असता. पुन्हा मोठी रक्कम धरायची, म्हणजे 6,300.

एकूण देणे 49,500 झाले. त्यातले 31,000 शिल्लक क्रेडिटमधून वळते होतील आणि 18,500 रोख भरावे लागतील. त्यानंतर तो माल विकताना दुकानदाराला ग्राहकाकडून कर घेता येणार नाही, कारण त्याच्याकडे नोंदणी नाही.

आता त्याने हाच माल अर्जाआधी, मे-जूनमध्ये, दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दोन लाखांना रीतसर बिलाने विकला असता तर? बिलावर 36,000 कर लागला असता, पण तो खरेदीदाराने दिला असता आणि त्याला त्याचे क्रेडिट मिळाले असते. दुकानदाराचे देणे 36,000 अधिक यंत्रणेचे 6,300, म्हणजे 42,300. त्यातून 31,000 क्रेडिट वजा जाता 11,300 रोख भरायचे. खरेदीदाराकडून आलेल्या 36,000 मधून ते भरून 24,700 हातात राहिले असते. पहिल्या मार्गात 18,500 खिशातून गेले, दुसऱ्यात 24,700 हातात राहिले. मालाची मूळ किंमत दोन्हीकडे सारखी धरली तर फरक 43,200 रुपयांचा आहे. नोंदणी नसताना थेट ग्राहकाला चढ्या भावाने माल विकता आला तर यातला काही भाग भरून निघतो, हे खरे. पण पडून राहिलेल्या मालाला तसा भाव क्वचितच मिळतो. म्हणून आधी माल खपवावा आणि मगच अर्ज करावा, हा क्रम महत्त्वाचा आहे. अर्ज करून मोकळे व्हायच्या घाईत तो बहुधा उलटा होतो.

आता राहिलेली रिटर्न. समजा, या दुकानदाराने जानेवारी ते मार्च 2025 या तिमाहीचे GSTR-3B 22 एप्रिलऐवजी 10 जुलैला भरले. उशीर 79 दिवस. दिवसाला 50 प्रमाणे 3,950 होतात, पण मर्यादा 2,000 ची, म्हणून तेवढेच शुल्क. त्या तिमाहीचा कर पूर्णपणे क्रेडिटमधून वळता झाला असेल, तर 18 टक्क्यांचे व्याज लागत नाही, कारण ते रोखीने भरायच्या भागावरच आहे. एप्रिल ते जून तिमाहीचे रिटर्न 22 जुलैच्या आत भरले म्हणून शुल्क नाही. REG-19 आदेश 25 जुलैला आला, म्हणून GSTR-10 ची मुदत 25 ऑक्टोबर 2025. ती चुकली तर दिवसाला केंद्राचे 100 आणि राज्याचे 100, असे 200 रुपये शुल्क सुरू होते. प्रत्येकी 5,000 ही कलम 47 मधली कमाल मर्यादा पन्नास दिवसांत गाठली जाते. या शुल्काला मर्यादाच नाही असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ते बरोबर नाही. मर्यादा आहे, मात्र 10,000 रुपये हा छोट्या माणसासाठी मोठाच आकडा आहे.

सेवा देणाऱ्यांचे गणित यापेक्षा हलके असते. पार्लरवाल्याने किंवा डिझायनरने भाडे, जाहिरात किंवा इंटरनेट यांवर घेतलेले क्रेडिट परत करायचे नसते. त्याला फक्त खुर्च्या, संगणक अशा भांडवली वस्तू आणि शिल्लक सामान यांचा हिशेब द्यावा लागतो. जुनी बिले सापडत नसतील तर बाजारभावावरून अंदाज धरता येतो, मात्र तो चार्टर्ड अकाउंटंट किंवा कॉस्ट अकाउंटंटकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो.

पहिला मतभेद: आधी रिटर्न की आधी रद्द?

प्रत्यक्षात सर्वाधिक खटके इथे उडतात. अर्ज केला की अनेक अधिकारी शेरा मारतात, आधी सर्व थकीत रिटर्न भरा, मग रद्द करू. त्यांच्या बाजूला तर्क आहे. एकदा नंबर गेला की त्या माणसाला शोधायचे कसे? खोट्या बिलांचा धंदा करून नंबर बंद करणाऱ्यांची प्रकरणे विभागाने पाहिलेली आहेत. वसुलीची हमी मिळेपर्यंत नंबर हाताखाली ठेवावा, असे त्यांना वाटते.

दुसरी बाजू केंद्रीय मंडळाच्याच परिपत्रकात आहे. 26 ऑक्टोबर 2018 च्या परिपत्रक क्रमांक 69 नुसार अर्ज अपूर्ण असेल, किंवा हस्तांतर, विलीनीकरण यांसारख्या बदलात नव्या संस्थेने स्वतःची नोंदणी घेतलेली नसेल, अशाच प्रसंगी अर्ज थांबवायचा. बाकी सर्व अर्ज लगेच स्वीकारायचे. कारण साधे आहे: रद्द केल्याने देणे बुडतच नाही. शिल्लक मालावरचे क्रेडिट अर्जाच्या वेळीच परत करण्याचीही अट नाही. ते GSTR-10 सोबत करता येते, असे परिपत्रक सांगते.

माझ्या मते परिपत्रकाची बाजू भक्कम आहे. अर्ज अडवून ठेवल्याने थकबाकी वसूल होत नाही, ती लांबते. तरीही व्यापाऱ्याने व्यवहारात थकीत रिटर्न आधी पूर्ण करावीत, कारण त्यांतून क्रेडिटची खरी शिल्लक ठरते आणि GSTR-10 तिच्यावर अवलंबून असते. ज्याला पैशांअभावी ते जमत नाही, त्याने परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी उत्तर द्यावे.

दुसरा मतभेद: कोणत्या तारखेपासून?

याच परिपत्रकात एक अडचणीचे वाक्य आहे. नोंदणी रद्द होण्याची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, असे ते म्हणते. म्हणजे दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलेल्याने आज अर्ज केला, तर मधल्या सर्व काळाची शून्य रिटर्न त्याच्या माथी येतात. उलट अधिकारी स्वतःहून रद्द करतो, तेव्हा कलम 29(2) त्याला मागच्या कोणत्याही तारखेपासून रद्द करण्याची मुभा देते. काही आदेशांत नोंदणी अगदी पहिल्या दिवसापासून रद्द केलेली दिसते. मग त्या काळात ज्यांनी या व्यापाऱ्याकडून माल घेतला, त्यांच्या क्रेडिटवर प्रश्न उभा राहतो.

दिल्ली उच्च न्यायालयाने या बाबतीत सातत्याने भूमिका घेतली आहे. रिटर्न भरले नाही एवढ्याच कारणाने यांत्रिकपणे मागच्या तारखेपासून रद्द करता येणार नाही, त्यासाठी कारणे द्यावी लागतील आणि नोटिशीत तसे आधी कळवावे लागेल, असे त्या न्यायालयाने अनेक निकालांत म्हटले आहे. अनेक प्रकरणांत रद्द होण्याची तारीख बदलून ती अर्जाच्या किंवा नोटिशीच्या तारखेवर आणली गेली. मागच्या तारखेच्या अधिकाराचे समर्थन करणारे म्हणतात की बनावट फर्म पहिल्या दिवसापासूनच बनावट असते, तिला मधल्या काळाचे अस्तित्व का द्यायचे? हा युक्तिवाद बनावट फर्मला लागू पडतो. प्रामाणिकपणे धंदा करून थकलेल्या दुकानदाराला तो लावू नये, एवढीच न्यायालयांची सीमारेषा आहे. ती नियमात लिहिलेली नाही, म्हणून प्रत्येकाला न्यायालयात जावे लागते आणि छोट्या माणसाला ते परवडत नाही.

काहीच न करता विभाग रद्द करील याची वाट पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणावी. त्या मार्गानेही GSTR-10 टळत नाही. पुन्हा धंदा सुरू करून त्याच पॅनवर नवी नोंदणी मागितली, तर जुनी नोंदणी रिटर्न न भरल्याने रद्द झाल्याचे पाहून अधिकारी नवा अर्ज अडवू शकतो. 28 मार्च 2019 च्या परिपत्रकात तशी सूचना आहे. रद्द झालेला जुना नंबर परत चालू करण्यासाठी आदेशानंतर 90 दिवसांत अर्ज करावा लागतो आणि ही मुदत वाढवून घेतली तरी 180 दिवसांपलीकडे जात नाही. मुदत हुकलेल्या छोट्या उद्योजकांना काही उच्च न्यायालयांनी उपजीविकेच्या हक्काचा आधार देऊन दिलासा दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा रोहित एंटरप्रायझेस प्रकरणातला 2023 चा निकाल त्यांपैकी एक आहे.

तिसरा मतभेद: उरलेल्या क्रेडिटचे काय?

वरच्या उदाहरणात देणे क्रेडिटपेक्षा जास्त होते. उलटेही घडते. माल संपलेला असतो, पण क्रेडिट खात्यात 60-70 हजार पडून असतात. ते रोखीने परत मिळते का?

रोख खात्यातली शिल्लक परत मिळते, त्यात वाद नाही. वाद क्रेडिटचा आहे. परताव्याचे कलम 54 वापरात न आलेल्या क्रेडिटचा परतावा दोनच प्रसंगी देते, निर्यात आणि कच्च्या मालावर जास्त व तयार मालावर कमी कर असण्याची स्थिती. व्यवसाय बंद होणे त्यात नाही. विभाग याच आधारे नकार देतो. जुन्या सेनव्हॅट काळातही हा वाद झाला होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने स्लोव्हाक इंडिया प्रकरणात परतावा मान्य केला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 2019 मध्ये गौरी प्लॅस्टिकल्चर प्रकरणात उलट मत दिले. जीएसटी काळात, जून 2025 मध्ये, सिक्कीम उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सिक्पा इंडिया प्रकरणात व्यवसाय बंद करणाऱ्याला परतावा मान्य केला. कायद्यात स्पष्ट मनाई नाही, तेव्हा भरलेला कर सरकारने ठेवून घेणे योग्य नाही, असा त्यामागचा विचार आहे.

दोन्ही बाजूंना वजन आहे. माझे मत विचाराल, तर महाराष्ट्रातल्या छोट्या व्यापाऱ्याने या आशेवर नियोजन करू नये. शेवटच्या महिन्यांत खरेदी कमी करून आणि विक्री पुढे रेटून क्रेडिट वापरून टाकावे.

अजून न सुटलेले

वित्त कायदा 2023 ने एक नवी भिंत उभी केली. देय तारखेपासून तीन वर्षे उलटली की ते रिटर्न भरता येत नाही. 2025 मध्ये पोर्टलवरही ही अट आली. आता प्रश्न असा आहे की आधीचे रिटर्न भरल्याशिवाय पुढचे भरता येत नाही आणि आधीचे तर मुदतबाह्य झालेले. मग अशा माणसाने क्रमाने चढायचे कसे? दोन्ही तरतुदींत सरकारला अधिसूचनेने सूट देण्याचा अधिकार आहे. चार-पाच वर्षांपूर्वी दुकान बंद केलेल्यांसाठी तो वापरला जाणे गरजेचे आहे.

दुसरा प्रश्न नोटिशींचा. नोंदणी रद्द झाल्यावरही जुन्या वर्षांची चौकशी होऊ शकते आणि हिशेबाची वही त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागते. पण नोटीस फक्त पोर्टलवर टाकली तर ती मिळाली असे मानायचे का? रद्द झालेल्या नोंदणीचा माणूस पोर्टल पाहायला बांधील नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले आहे. विभागाची बाजू अशी की कलम 169 पोर्टलला वैध मार्ग मानते. हा मुद्दा नियमानेच स्पष्ट व्हायला हवा. तोवर व्यवसाय बंद केलेल्याने दर महिन्याला एकदा तरी पोर्टल उघडून पाहावे.

मालकाच्या मृत्यूनंतर वारसांची स्थिती याहून नाजूक असते. धंदा बंद केला असेल तर वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते. तरी REG-16 आणि GSTR-10 त्यांनाच भरावे लागते, तेही मृत व्यक्तीच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या आधारे. म्हणून आधी स्थानिक कार्यालयात मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद देऊन संपर्क तपशील बदलून घ्यावा लागतो. घरात ते सिमकार्ड बंद करण्याची घाई कुणी करू नये.

राहता राहिला शुल्काचा प्रश्न. 2023 मध्ये 1 एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत थकीत GSTR-10 एकूण 1,000 रुपयांच्या शुल्कात भरून घेण्याची सवलत देण्यात आली होती. ती संपली आणि शुल्क पुन्हा 10,000 च्या मर्यादेवर गेले. शून्य GSTR-3B साठी 500 रुपयांची मर्यादा कायम आहे. मग हाती एक रुपयाचा माल नसलेल्याच्या शून्य GSTR-10 ला वीसपट मर्यादा का? त्यात कराची हानी नाही, फक्त एक कागद उशिरा आलेला असतो. जीएसटी परिषदेने शून्य GSTR-10 साठीही 500 रुपयांची कायम मर्यादा ठरवावी आणि REG-19 आदेशावरच GSTR-10 ची शेवटची तारीख ठळक छापावी.

तसे होईपर्यंत, ज्याच्या हाती REG-19 आला आहे त्याने आदेशावरच्या दोन तारखांतल्या नंतरच्या तारखेपासून तीन महिने आजच मोजावेत आणि GSTR-10 भरल्याची पोचपावती हिशेबाच्या वह्यांसोबत जपून ठेवावी.